संभोगानंतरची जळजळ: लेटेक्सची अ‍ॅलर्जी, की ल्युब्रिकंटचा त्रास?

संबंध झाल्यावर लिंगाची आग होते, खाज सुटते, कातडी लालबुंद होते. अशा वेळी पुरुषाच्या मनात पहिला विचार येतो तो गुप्तरोगाचा. थोडं वाचलं, की दुसरा येतो लेटेक्सच्या अ‍ॅलर्जीचा. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. पण कित्येकदा दोष निघतो कंडोमवरच्या किंवा बाटलीतल्या ल्युब्रिकंटचा, आणि त्यात भर पडते ती घाबरून चोळचोळून लावलेल्या साबणाची. बरेच पुरुष मात्र कंडोमला नाव ठेवून तो वापरणंच सोडून देतात. तेवढ्याने त्रास थांबेलच असं नाही, आणि संरक्षण मात्र जातं.

नेमकं कारण शोधायला दोन प्रश्न पुरेसे उपयोगी पडतात. त्रास संबंधानंतर किती वेळाने सुरू झाला? आणि तो नेमका कोणत्या जागी आहे? डॉक्टरही सुरुवात इथूनच करतात, फक्त त्यांना खरी उत्तरं क्वचित मिळतात. लाजेपोटी माणूस ‘खाली खाज येते’ एवढंच सांगतो.

आधी त्या जागेबद्दल. लिंगाचं टोक आणि पुढच्या कातडीची आतली बाजू इथली त्वचा हातापायांच्या त्वचेसारखी नसते. ती पातळ, ओलसर असते, काहीशी ओठाच्या आतल्या बाजूसारखी. पुढची कातडी शाबूत असेल तर तिच्याखाली लागलेला पदार्थ तासन्‌तास तिथेच झाकून राहतो. वृषणाच्या पिशवीची त्वचा तर आणखी वेगळी. १९६७ साली त्वचेतून औषध किती शोषलं जातं याचं एक गाजलेलं मोजमाप झालं. हायड्रोकॉर्टिझोन हे औषध हाताच्या पुढच्या भागावर जेवढं शोषलं गेलं, त्याच्या सुमारे ४२ पट वृषणाच्या त्वचेतून शोषलं गेलं. म्हणून ‘हाताला लावून पाहिलं, काही झालं नाही’ हा पुरावा इथे कच्चा ठरतो. याकडे पुढे परत येऊ.

आता वेळ पाहू. त्रास मिनिटांत सुरू झाला, म्हणजे कंडोम चढवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत खाज, सूज, पित्त उठल्यासारख्या गांधी दिसल्या, तर लेटेक्सच्या खऱ्या अ‍ॅलर्जीचा विचार करायचा. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यात काही प्रथिनं असतात आणि शरीराने त्यांच्याविरुद्ध आधीच अँटीबॉडी तयार करून ठेवलेल्या असतात. पुढची कातडी फुगते, कधी पापण्या किंवा ओठही सुजतात, नाक गळतं. काही तासांत सगळं ओसरतं, म्हणून माणूस सकाळपर्यंत विसरूनही जातो. अशा माणसाचा मागचा इतिहास बोलका असतो. फुगा फुगवताना ओठ खाजले होते, दाताच्या डॉक्टरांनी रबरी हातमोजे घालून तपासल्यावर तोंड सुजलं होतं, केळं, किवी किंवा अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर घशात खाज सुटते. या फळांतली काही प्रथिनं लेटेक्सच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर दोन्हींत गल्लत करतं. रोज हातमोजे वापरणारे आरोग्य कर्मचारी आणि लहानपणी अनेक शस्त्रक्रिया झालेले लोक यांच्यात ही अ‍ॅलर्जी जास्त आढळते. बाकीच्यांत ती दुर्मीळ असते. पण जिथे असते तिथे तिला हलक्यात घ्यायचं नाही. श्वास लागणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, भोवळ येणं यांपैकी काहीही झालं तर तडक रुग्णालय गाठायचं. तिथे लागतं ते अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी घेऊन वाट पाहण्याची ती वेळ नसते.

दुसरी तऱ्हा फसवी आहे. शनिवारी रात्री संबंध झाला, रविवारी काहीच नाही, आणि सोमवारी सकाळी खाज सुरू. मग लालसर चट्टे, बारीक फोड, पुढे सालपटं निघणं, असं आठवडाभर चालतं. इथे दोषी चिकातली प्रथिनं नसतात. चिकाचं टिकाऊ रबर व्हावं म्हणून कारखान्यात त्यात थायुराम, कार्बामेट अशी रसायनं घालतात आणि त्यांचा अंश तयार मालात उरतो. त्यांची अ‍ॅलर्जी शरीराच्या पेशींमार्फत हळूहळू उमटते, त्यामुळे तिला एक-दोन दिवस लागतात. दोन दिवसांपूर्वीच्या कंडोमचा संशय कोणाला येणार? लोक नव्या अंतर्वस्त्राला किंवा कपडे धुण्याच्या पावडरीला दोष देतात. गोंधळात भर म्हणजे लेटेक्सच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी या माणसांत स्वच्छ येते, कारण ती तपासणी पहिल्या प्रकारासाठी असते. अहवाल पाहून ‘तुम्हाला रबराचा त्रास नाही’ असं सांगितलं गेलं, तर माणूस तेच कंडोम निर्धास्तपणे वापरत राहतो.

तिसरी तऱ्हा अ‍ॅलर्जीची नाहीच. पदार्थ थेट त्वचेला झोंबतो, एवढंच. संबंध चालू असतानाच चुरचुरायला लागतं किंवा नंतर तासा-दोन तासांत आग होते. खाजेपेक्षा आग जास्त, लघवीची पहिली धार जाताना टोकाला झोंबतं, आणि त्या जागेला काही लावलं नाही तर एक-दोन दिवसांत आपोआप बरं होतं. अशा त्रासाचं प्रमाण वापरावर अवलंबून असतं. ल्युब्रिकंट थोडं लागलं तर थोडी आग, खूप वेळ घर्षण झालं तर जास्त. खऱ्या अ‍ॅलर्जीत मात्र किंचित अंशसुद्धा पुरतो.

ल्युब्रिकंट का झोंबतं, याचं एक कारण पाण्याच्या ओढीत आहे. पाण्यावर आधारलेल्या बऱ्याच ल्युब्रिकंटांत ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल भरपूर असतं. त्यामुळे ते चिकट, मऊ लागतं आणि लवकर वाळत नाही. पण हीच द्रव्यं आजूबाजूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतात. ही ओढ मोजायचं माप आहे ऑस्मोलॅलिटी. आपल्या शरीरातल्या द्रवाची ती साधारण २९० असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली दिलेल्या सल्ल्यात म्हटलं आहे की ल्युब्रिकंटची ऑस्मोलॅलिटी शक्यतो ३८० च्या खाली असावी आणि काही झालं तरी १२०० च्या वर जाऊ नये. बाजारात मात्र याच्या कितीतरी पट आकड्याची ल्युब्रिकंटं विकली जातात. हा सल्ला मुख्यतः योनी आणि गुदमार्गाच्या अस्तरासाठी आहे. पण मूत्रमार्गाचं तोंडही तसंच नाजूक असतं, आणि आधीच खरवडलेल्या त्वचेला तर अशी द्रव्यं झोंबतातच. बाटलीवर हा आकडा सहसा छापलेला नसतो. म्हणून घटकांची यादी पाहायची. ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ते भरपूर आहे असं समजावं.

बाकी घटकांत सुगंध आणि चवीसाठी घातलेली द्रव्यं आली, शुक्राणूनाशक नोनॉक्सिनॉल-९ आलं. हे शेवटचं द्रव्य वारंवार वापरलं तर अस्तराला इतकी इजा करतं की एचआयव्हीचा धोका कमी होण्याऐवजी वाढू शकतो. ‘गरम’ किंवा ‘थंडगार’ अनुभव देणाऱ्या ल्युब्रिकंटांबद्दल काय बोलावं! मेंथॉल किंवा मिरचीतला तिखट अंश घालून मुद्दाम त्वचेला चिथवायचं, हाच तर त्यांचा विक्रीचा मुद्दा असतो.

जागेचा प्रश्न वेळेइतकाच उपयोगी आहे. लालसरपणा लिंगाच्या मुळाशी, कंडोमची कडी जिथे घट्ट बसते तिथे गोल पट्ट्यासारखा असेल आणि सबंध दांड्यावर पसरलेला असेल, तर संशय रबरावर जातो. त्रास फक्त टोकाला आणि पुढच्या कातडीखाली असेल, तर संशय आत साचणाऱ्या द्रवावर. मांड्यांच्या सांध्यात, वृषणावर असेल तर ओघळलेलं ल्युब्रिकंट, साबण किंवा साधा बुरशीचा गजकर्ण, हे सगळं तपासावं लागतं. जोडीदारालाही त्याच रात्री झोंबलं का, हेही विचारावं. कंडोमच्या बाहेरचा द्रव तिच्या किंवा त्याच्या वाट्याला जातो, आतला आपल्या.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, चौतिशीतला एक विवाहित पुरुष. कित्येक वर्षं साधे लेटेक्स कंडोम वापरले, कधी काही झालं नाही. मग त्याने जास्त वेळ टिकण्यासाठी म्हणून विकले जाणारे कंडोम आणले. यांच्या टोकाच्या आत बेन्झोकेन नावाचं बधिर करणारं औषध असतं, साधारण ४-५ टक्के. पहिल्या काही वेळा त्याला संबंधाच्या वेळी काहीच जाणवलं नाही. बधिरपणा उतरल्यावर तासाभराने टोकाची थोडी आग झाली, सकाळी शांत. त्याने ती घर्षणाची समजली, आणि ते बरोबरही असेल. बधिर झालेल्या त्वचेला आपण किती घासतोय हे कळत नाही. पण त्याने त्या दिवसापासून दिवसातून दोनदा साबणाने धुणं आणि वर जंतुनाशक द्रव लावणं सुरू केलं.

महिन्याभराने चित्र बदललं. आता आग तासाभरात होत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुरू व्हायची, तिसऱ्या दिवशी टोकावर आणि पुढच्या कातडीच्या आत बारीक फोड यायचे, कातडी सुजून मागे सरकेना. पाच-सहा दिवस हे चालायचं. मुळाशी मात्र, कडी बसते तिथे, कातडी स्वच्छ. त्याने ठरवलं की लेटेक्सची अ‍ॅलर्जी झाली. रक्ताची तपासणी केली, ती निर्दोष. मग दुकानातून बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेलं मलम आणलं. लावल्यावर दोन दिवस सोन्यासारखं वाटलं, बंद केल्यावर दुप्पट आग. या मिश्र मलमांवर माझा विशेष राग आहे. इथली पातळ त्वचा तीव्र स्टेरॉइडने आणखी पातळ होते, आणि खरी बुरशी असेल तर ती दबून राहून नंतर पसरते.

त्याची वेळ आणि जागा नीट वाचली तर गोष्ट उलगडते. त्रास तासाभराचा होता तो दिवस-दोन दिवसांवर गेला, म्हणजे साध्या झोंबण्याचं रूपांतर अ‍ॅलर्जीत झालं. असं होतं. चिडलेल्या, साबणाने खरवडलेल्या त्वचेतून औषध आत शिरायला सोपं जातं आणि शरीर त्याची ओळख ठेवायला शिकतं. जागा टोकाची आहे, मुळाची नाही, म्हणजे रबरापेक्षा टोकात साचणाऱ्या द्रवावर संशय. आणि त्या द्रवात बेन्झोकेन आहे, जे त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी जुनं बदनाम औषध आहे.

खात्री करायला लागते ती पॅच टेस्ट. त्वचारोगतज्ज्ञ संशयित द्रव्यांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात, दोन दिवस तसेच ठेवतात, मग काढून पाहतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. दुसरी भेट चुकवायची नाही, कारण उशिरा उमटणारी अ‍ॅलर्जी पहिल्या वेळी दिसेलच असं नाही. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, नाहीतर निकाल खोटा निर्दोष येऊ शकतो. स्वतःचा कंडोम आणि ल्युब्रिकंटची बाटली सोबत न्यावी. कंडोमचा तुकडासुद्धा पाठीवर लावून पाहता येतो. आपल्या उदाहरणातल्या पुरुषाच्या पाठीवर रबराच्या रसायनांचे ठिपके कोरे राहिले आणि बेन्झोकेनचा लाल, उंचावलेला झाला. साधे कंडोम तो पुन्हा वापरू शकला. त्याला एक जादा सूचना मात्र मिळाली. काळ्या केसांच्या रंगातलं पीपीडी हे द्रव्य रासायनिक घडणीत बेन्झोकेनच्या जवळचं आहे, त्यामुळे कलप लावताना जपायचं.

तपासणी लगेच शक्य नसेल तर घरी काय करायचं? आधी विश्रांती. आठ-दहा दिवस, कातडी पूर्ण पूर्ववत होईपर्यंत, संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही थांबवायचं. फक्त कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, वर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. साबण सोडणं हीच यातली मोठी पायरी आहे, आणि तीच लोकांना पटत नाही. १९९३ साली ब्रिटनमध्ये लिंगाच्या टोकाला वारंवार दाह होणाऱ्या ४३ पुरुषांची पाहणी झाली. त्यातल्या ३१ जणांना जंतुसंसर्ग नव्हता, त्वचा नुसती चिडलेली होती, आणि हे पुरुष इतरांपेक्षा जास्त वेळा साबणाने धूत होते. साबण कमी करून मऊ मलम लावल्यावर बहुतेकांचा त्रास आटोक्यात आला.

मग एका वेळी एकच बदल. आधी साधा, बिनवासाचा, बिनऔषधाचा लेटेक्स कंडोम, गरज वाटल्यास सिलिकॉनचं ल्युब्रिकंट. सिलिकॉन पाणी ओढत नाही आणि लेटेक्सला इजा करत नाही. तेल आणि पेट्रोलियम जेली मात्र लेटेक्सला काही मिनिटांत कमकुवत करतात, तेव्हा वर सांगितलेला जेलीचा थर संबंधाआधी धुऊन काढायचा. यानंतर तीन दिवस थांबून पाहायचं. त्रास नाही, तर दोष जुन्या ल्युब्रिकंटचा किंवा औषधाचा. त्रास पुन्हा झाला आणि मुळाशी पट्टा दिसला, तर रबराकडे वळायचं. कंडोमचं रबर आणि ल्युब्रिकंट दोन्ही एकदम बदललं तर बरं वाटेल, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही.

ल्युब्रिकंटची चाचणी हातावरही घेता येते. कोपराच्या आतल्या बाजूला एका ठरावीक जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावायचं. तिथे खाज आणि पुरळ उठली तर अ‍ॅलर्जीचा पुरावा मिळाला. काही उठलं नाही, तर मात्र ‘हे सुरक्षित आहे’ असं म्हणता येत नाही, कारण हाताची जाड त्वचा जे सोसते ते लिंगाच्या टोकाला सोसेलच असं नाही. आणि ज्याला मिनिटांत सूज किंवा गांधी आल्या आहेत त्याने घरी असले कसलेच प्रयोग करू नयेत. त्याची तपासणी रुग्णालयातच व्हायला हवी.

रबराचा दोष निघाला तर पर्याय कोणता, हे प्रकारावर ठरतं, आणि इथे पाकिटावरचं ‘लेटेक्स-विरहित’ हे लेबल दिशाभूल करू शकतं. पॉलिआयसोप्रीनचे कंडोम कृत्रिम रबराचे असतात. त्यांत चिकातली प्रथिनं नसतात, म्हणून मिनिटांत सूज येणाऱ्यांना ते चालतात. पण ते रबर बनवतानाही तीच रसायनं वापरलेली असू शकतात, त्यामुळे दोन दिवसांनी खाज येणाऱ्याला तिथेही तोच त्रास होऊ शकतो. अशाने पॉलियुरेथेनचे कंडोम घ्यावेत. ते रबरच नाही. थोडे कमी ताणले जातात, म्हणून मापाचे पाहून घ्यायचे. मेंढीच्या आतड्याच्या पडद्याचे कंडोमही मिळतात. ते गर्भधारणा रोखतात, पण त्यांची छिद्रं विषाणू अडवायला पुरेशी बारीक नसतात.

एक पडताळा राहिला. कंडोम नाही, ल्युब्रिकंट नाही, तरी त्रास होतो असं लक्षात आलं तर वरची सगळी चर्चा बाजूला ठेवावी. जोडीदाराने योनीत औषधाची गोळी किंवा मलम वापरलं आहे का ते विचारावं. टोकावर पांढरट थर आणि कातडीला चिरा असतील तर कॅन्डिडा बुरशी असू शकते, आणि ती वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. लघवीच्या जागेतून स्राव येत असेल, लघवी करताना आतून जळत असेल, फोडांचा घोसका किंवा जखम असेल, जांघेत गाठ असेल, तर गुप्तरोगाची तपासणी करून घ्यावी, जोडीदारासह. सुजलेली पुढची कातडी मागे अडकून पुढे येत नसेल, तर लगेच इस्पितळात जावं. तिथला रक्तपुरवठा अडतो.

लेटेक्सच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी पक्की झाली असेल, तर ती माहिती शयनगृहापुरती ठेवून चालत नाही. दातांच्या डॉक्टरांना, कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आणि लघवीची नळी घालणाऱ्या परिचारिकेला ती आधी सांगावी लागते, म्हणजे ते रबराऐवजी दुसऱ्या साहित्याचे हातमोजे आणि सिलिकॉनची नळी काढून ठेवतील.